चरणाखालचे ६० शब्द: दिनदर्शिकेसाठी चिंतन लिहिणाऱ्या नवोदितांसाठी

आमच्या भागातील एका संस्थेच्या रोज एक पान फाडायच्या दिनदर्शिकेसाठी मी चार वर्षांपासून चिंतन लिहीत आहे. वर तारीख, वार आणि तिथी, मध्ये अभंगाचे एक किंवा दोन चरण आणि खाली माझे ६० शब्द, असे त्या चिठ्ठीचे रूप असते. दिवाळीच्या आधी प्रती गावोगाव पोहोचायच्या असल्यामुळे मजकूर श्रावणात छापखान्याकडे द्यावा लागतो, म्हणजे पुढच्या पौषातील सकाळीसाठीचे चिंतन आपण पेरणीच्या धामधुमीत लिहीत असतो. हे काम नुकतेच हाती घेतलेल्यांना हरिपाठ आणि नित्याचे अभंग ठाऊक असतात, हे मी गृहीत धरते. ज्या एका चुकीने मला पहिल्या वर्षी गाठले, तिच्याविषयीच मी येथे सविस्तर लिहिणार आहे, कारण ती चूक अजूनही दर वर्षी माझ्या दारात येऊन उभी राहते.

मला जो चरण दिला होता तो असा: "नाहीं निर्मळ जीवन । काय करील साबण." तुकोबांची ही ओळ माझ्या लहानपणापासून कानावरची होती, आणि कानावरच्या ओळीचा अर्थ आपल्याला कळलेलाच आहे असे वाटते. मी अर्ध्या तासात पुढील चिंतन लिहून मोकळी झाले.

"आजच्या धावपळीच्या युगात आपले जीवन निर्मळ राहिलेले नाही. आचरण शुद्ध नसेल तर वरून साबण लावून, म्हणजे बाहेरचा देखावा करून, काय उपयोग? म्हणून आपले जीवन पवित्र ठेवण्याचा संकल्प आज आपण करूया."

संपादकांनी ते वाचले, मुद्रितशोधन झाले, छापून आले, आणि कोणालाही काही खटकले नाही. त्या तारखेला संध्याकाळी हरिपाठ संपल्यावर आमच्या देवळातील एक वयोवृद्ध टाळकरी ती चिठ्ठी टोपीतून काढून माझ्यापुढे धरत म्हणाले, "माय, हे जीवन म्हंजे पानी व्हय. खालचा चरण नाही पाह्यला काय तू?" मी पाहिला नव्हता. त्यांनी तेथेच शेवटचा चरण म्हणून दाखवला: "तुका म्हणे जीवनेंविण । पीक नव्हे नव्हे जाण." जीवनाशिवाय पीक होत नाही, ही गोष्ट कोरडवाहू कपाशी पेरणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. त्यांच्या आवाजात राग मुळीच नव्हता, आणि त्यामुळेच मला रात्री झोप लागली नाही.

ही चूक एका शब्दापुरती असती तर मी एवढे लिहिले नसते. आता ती नीट उलगडून पाहू, कारण ती कशी पसरते हे कळल्याशिवाय ती टाळता येत नाही. जुन्या मराठीत जीवन या शब्दाचा पाणी हा अर्थ अगदी रुळलेला होता. पाणीच निर्मळ नसेल तर साबण काय करील, असे तुकोबा विचारतात, आणि लगेच ध्रुपदात सांगतात, "तैसें चित्तशुद्धि नाहीं । तेथें बोध करील काई." म्हणजे पाण्याच्या जागी चित्त आहे आणि साबणाच्या जागी बोध आहे. साबण येथे चांगला आहे, उपकारक आहे. त्याला काम करायला पाणी मिळत नाही, एवढेच दुःख आहे. पुढच्या चरणात वृक्षाला फुले-फळे धरत नसतील तर वसंतकाळ काय करील, असे म्हटले आहे. तेथेही वसंताचा दोष नाही. अभंगभर हीच रचना आहे: मदतीला येणारी गोष्ट उत्तम, पण ती जेथे पोहोचली तेथे आधार नाही. मी जीवनाचा अर्थ आयुष्य केल्याबरोबर साबणाला जागा उरली नाही, म्हणून मला त्याला देखावा ठरवावे लागले. एक शब्द चुकला आणि त्याने दुसऱ्या शब्दाचा अर्थ उलटा केला. ज्या अभंगात तुकोबा बोध आणि चित्त यांविषयी बोलत होते, त्याखाली मी दांभिकतेविरुद्ध भाषण लिहून बसले.

मला अधिक बोचणारी गोष्ट पुढे आहे. माझे माहेर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातले आहे. तेथे विहिरीच्या पाण्याने धुणे धुताना साबण कितीही घासला तरी फेस येत नाही. जड पाण्यातील क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरा चिकट थर तयार होतो आणि तो कपड्यावरच बसतो. माझी आई पावसाळ्यात पागोळ्यांखाली घागरी मांडून ते पाणी धुण्यासाठी राखून ठेवत असे. तुकोबांची ओळ मी माझ्या हातांनी जगले होते, आणि लिहायला बसल्यावर मात्र मला "धावपळीचे युग" आठवले.

म्हणून नवोदितांना मी स्पष्ट सांगते: जो शब्द अगदी ओळखीचा वाटतो, त्याच्याच खाली पेन्सिलीने रेघ मारावी. अनोळखी शब्द आपल्याला फसवत नाहीत, कारण त्यांच्यासाठी आपण कोश उघडतोच. पसायदानातील "जे खळांची व्यंकटी सांडो" ही ओळ घ्या. तेथे व्यंकटी या शब्दापाशी थांबलो तर वाकडेपणा हा अर्थ सापडतो, आणि ज्ञानेश्वर दुष्टांचा नाश मागत नसून त्यांच्यातील वाकडेपणा सुटावा असे मागत आहेत, हे कळते. जीवन या शब्दापाशी मात्र कोणी थांबत नाही.

माझी आजची पद्धत अशी आहे. दिलेला चरण कोणताही असो, मी संपूर्ण अभंग हाताने वहीत उतरवते आणि त्याखाली प्रत्येक चरणाचा अन्वय साध्या गद्यात लिहिते. निरनिराळ्या गाथांमध्ये अभंगांचे क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे कोणत्या प्रतीतून घेतले तेही टिपून ठेवते. मग "तैसें", "जैसें", "तेवीं" असे शब्द शोधते, कारण दृष्टांत कोठे संपतो आणि सांगायची गोष्ट कोठे सुरू होते, ते या शब्दांवरून कळते. दिलेला चरण नुसता दृष्टांत असेल, तर ध्रुपदही छापावे अशी विनंती संपादकांना करते. दुसऱ्या ओळीसाठी माझे दहा शब्द कमी झाले तरी चालतात. या अभंगात वांजेचा आणि नपुंसकाचा दृष्टांत असलेले चरणही आहेत. अर्थ लावताना ते वाचलेच पाहिजेत, परंतु सकाळी एकटीने चिठ्ठी फाडणाऱ्या एखाद्या निपुत्रिक बाईच्या हाती संदर्भ सोडून ते चरण देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. चिठ्ठीवर खुलासा करायला जागा नसते.

गेल्या वर्षी हाच अभंग मी मागून घेतला आणि दोन्ही ओळी छापून त्याखाली पुढील चिंतन लिहिले.

"खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यात साबण कितीही घासला तरी फेस धरत नाही, उलट कपड्यावर पांढरा चिकट थर बसतो. दोष साबणाचा नसतो. तुकोबा म्हणतात, उपदेशाचेही असेच आहे. काल कीर्तनात ऐकलेले आज मनात का उरले नाही, असे वाटले तर बुवांना बोल लावण्याआधी आपण कोणते मन घेऊन तेथे बसलो होतो, ते आठवून पाहावे. शेजाऱ्याशी धुऱ्याचे भांडण मनात घोळवीत बसलो असू, तर तेथे बोध काय करील?"

हे बरोबर ६० शब्द आहेत, आणि त्यांतील पहिले १९ केवळ दृष्टांतावर खर्च झाले आहेत. पूर्वी मला हा अपव्यय वाटला असता. आता वाटते की दृष्टांत डोळ्यांपुढे उभा राहिला तर उपदेश आपोआप लहान होतो. शेवटी "संकल्प करूया" लिहिण्याचा मोह मला याही वेळी झाला होता. तसे लिहिले असते, तर वाचणाऱ्याला धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, भांडण आठवायला वेळच मिळाला नसता. तुमच्या गावात खारे पाणी नसेल तर हे उदाहरण उसने घेऊ नका. गोड्या पाण्याच्या गावात ते नुसती माहिती होऊन बसेल.

सोप्या वाटांविषयी मी थोडी कडवट बोलते, तेवढे सहन करावे. मोबाईलवर फिरणारे तयार सुविचार चरणाखाली डकवू नयेत, कारण ते कोणत्याही चरणाखाली बसतात. मागील वर्षीची चिठ्ठी त्याच तारखेला पुन्हा वापरणे हा तर उघड धोका आहे. आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला गेली; जुनी चिठ्ठी तशीच ठेवली तर विठ्ठलभेटीचे चिंतन ज्येष्ठातच येऊन पडते. मार्गदर्शक निवडताना पदवी पाहण्यापेक्षा, ज्याला अख्खा अभंग पाठ आहे असा माणूस शोधावा. मला दोन विद्वानांनी तपासून दिलेली चूक एका टाळकऱ्यांच्या कानाने पकडली. आता मी दर आठवड्याची सात चिंतने देवळाच्या ओट्यावर त्यांना वाचून दाखवते. ते मध्येच पुढचा चरण म्हणू लागले, तर माझे लिहिणे अभंगाच्या वाटेवर आहे असे समजते, आणि ते गप्प राहिले तर घरी येऊन पुन्हा लिहिते.

सुरुवातीला एका चिंतनाला पूर्ण दिवस लागला तरी घाबरू नये. ती चूक कळल्यावर मलाही तसाच लागत असे, आणि आजही मी दिवसाला चारच्या वर लिहीत नाही, कारण पाचव्या चिंतनात चौथ्याचीच वाक्ये येऊ लागतात.

मुद्रिते हाती आल्यावर मी आधी चरण तपासते आणि आपले शब्द नंतर. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने गेल्या वर्षी याच अभंगात "करील काई"चे "करील काय" केले होते. त्याला ती चूक दुरुस्त केल्यासारखे वाटले होते, परंतु त्यामुळे "नाहीं"शी जुळणारे यमक गेले होते. मी त्याच्या शेजारी बसून दोन्ही ओळी त्याला म्हणून दाखवल्या. त्याने "काई" परत टाकले आणि विचारले, "ताई, जीवनचं पाणी करू का मग, लोकाईले समजंन?" मी नको म्हटले, आणि पाणी हा शब्द खाली माझ्या पहिल्याच वाक्यात आहे, ते त्याला बोटाने दाखवले.