झोळी, मनी आणि जाळीचे दार

पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेली तेव्हा परभणीच्या घरात मी आणि आमची मांजर मनी असे दोघेच उरलो. बाळ घरी येण्याच्या दीड महिना आधी मी साडीची झोळी बांधली आणि दुसऱ्याच दिवशी मनी तीत गाढ झोपलेली आढळली. मांजराला उबदार, बंदिस्त जागा आवडते. पण ज्याला स्वतःहून तोंड बाजूला करता येत नाही अशा तान्ह्याला ते बिलगून झोपले, तर ओरखड्यापेक्षा श्वास अडण्याची भीती मोठी असते.

आधी मी झोळीवर मच्छरदाणी टाकली, आणि ती चूक ठरली, कारण मनी तिच्यावरच चढून बसली व जाळी खाली लोंबली. मग त्या खोलीला जाळीचे दार बसवले, म्हणजे तिला आतले दिसे, वास येई, पण शिरता येत नसे. बाहेर उंच फळीवर जुनी गोधडी अंथरली. चार दिवस ती दाराशी ओरडली (शेजारच्या काकूंनी दोनदा चौकशी केली), तरी मी दार उघडले नाही; आठवड्याभरात ती फळीवर रुळली. सासरवाडीहून आणलेले बाळाचे वापरलेले दुपटे मी त्या फळीखाली ठेवले. ते हुंगून ती निवांत पडून राहू लागली.

बाळ आल्यावर भेट मी जवळ असतानाच होते. तिचे कान मागे गेले किंवा शेपटी झटकू लागली, की तिला धरत नाही, फळीकडची वाट मोकळी करतो. बाळ झोपले की जाळीच्या दाराला कडी.