एफ अँड एफ: राजीनाम्यानंतर हातात किती येतं, आणि कधी यायला हवं

राजीनामा मेल केला की डोक्यात नवी ऑफर आणि जॉइनिंगची तारीख एवढंच घोळत असतं. जुन्या कंपनीचे पैसे येतील यथावकाश, असं आपण धरून चालतो. बहुतेकदा येतातही. पण किती येणार, हे राजीनाम्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच ठरून जातं, आणि त्या वेळी आपलं तिकडे लक्ष नसतं. पुण्यातली माझी पहिली नोकरी सोडताना मला हे फार महागात कळलं. माझ्यानंतर सोडणाऱ्या प्रत्येकाला मी हे न विचारता सांगत आले आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

एफ अँड एफ म्हणजे फुल अँड फायनल, नोकरी सोडताना कंपनी करते तो शेवटचा हिशोब. त्याच्या कागदाला दोन बाजू असतात. देण्याच्या बाजूला शेवटच्या महिन्यात भरलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक अर्जित रजेचे पैसे, अडकलेली खर्चाची बिलं आणि लागू असेल तर बोनस. कापण्याच्या बाजूला पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस, घेतलेला अॅडव्हान्स, परत न केलेला लॅपटॉप, आणि नोटीस पिरियड कमी भरला असेल तर त्याची वसुली. बाकीच्या ओळींत फारसं काही लपत नाही. घोळ असतो तो नोटीसच्या ओळीत, म्हणून तिथे मी जरा जास्त थांबणार आहे.

एक हिशोब मांडते. आकडे सोयीसाठी गोल केलेत, पण माझ्या कागदाची जात हीच होती. महिन्याचा ग्रॉस पगार ६०,००० आणि त्यात बेसिक ३०,०००. नोटीस ६० दिवसांची. राजीनामा २ मे रोजी दिला, म्हणजे नोटीस ३० जूनला संपणार. नव्या कंपनीला माणूस लवकर हवा आहे, म्हणून मॅनेजरशी बोलून शेवटचा दिवस १५ जून ठरला. नोटीस १५ दिवस कमी पडली. खात्यावर १८ अर्जित रजा शिल्लक आहेत.

आता कागद असा येतो. जूनच्या १५ दिवसांचा पगार ३०,०००. रजेचे पैसे बेसिकवर, म्हणजे दिवसाला १,००० प्रमाणे १८,०००. आणि नोटीसची वसुली ग्रॉसवर, दिवसाला २,००० प्रमाणे १५ दिवसांचे ३०,०००. पीएफ वगैरे बाजूला ठेवलं तरी हातात उरतात १८,०००. जूनचे १५ दिवस ऑफिसला जाऊन, हँडओव्हर करून, नव्या मुलाला सगळं शिकवून जे कमावलं ते अख्खं वसुलीत गेलं.

यातली मेख नीट बघा. तुमचा एक दिवस कंपनी तुमच्याकडून घेते तेव्हा त्याची किंमत २,००० आणि तुम्हाला देते तेव्हा १,०००. दिवस तोच, पगारही तोच. हे कुणी चुकून केलेलं नसतं. कित्येक कंपन्यांची पॉलिसीच तशी असते आणि ती अपॉइंटमेंट लेटरमध्ये, नाहीतर त्यात उल्लेख केलेल्या एचआर पॉलिसीत लिहिलेली असते. म्हणून राजीनामा देण्याआधी, हो, आधी, ते पत्र काढा आणि नोटीसचं कलम शब्द न शब्द वाचा. 'नोटीसऐवजी पगार' असं लिहिलंय की 'बेसिक पगार', हे बघा. तिथे बेसिक लिहिलं असेल आणि वसुली ग्रॉसवर लावली असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. वरच्या हिशोबात वसुली १५,००० वर येते आणि हातात ३३,००० पडतात.

पत्रात ग्रॉस लिहिलं असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. उरलेल्या रजा नोटीसमध्ये वळत्या करून मागा. १८ पैकी १५ रजा नोटीसच्या १५ दिवसांत गेल्या की वसुली शून्य होते, उरलेल्या ३ रजांचे ३,००० मिळतात आणि हातात पुन्हा ३३,००० च येतात. सगळ्याच कंपन्या हे मान्य करत नाहीत. पण मागणाऱ्याला बऱ्याचदा मिळतं आणि न मागणाऱ्याला कधीच मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या बाबतीत खरा घात झाला तो शब्दावर. मॅनेजर म्हणाले, "तू जा गं पंधराला, एचआरशी मी बोलतो, कापणार नाहीत." मनाने चांगला माणूस होता, आणि ते बोललेही असतील. पण पेरोलवाल्याच्या सिस्टिममध्ये शेवटची तारीख १५ जून आणि नोटीस ६० दिवस एवढंच दिसतं. वसुली माफ झाल्याचा मेल नसेल तर सिस्टिम कापणारच. मी विचारायला गेले तेव्हा मॅनेजर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले होते आणि एचआरने शांतपणे सांगितलं, "लेखी काही आहे का?"

लवकर सोडायला होकार मिळणं आणि वसुली माफ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "तुमचा शेवटचा दिवस १५ जून मान्य आहे" एवढाच मेल आला, तर त्यात फक्त पहिली मिळाली. दुसरी वेगळी मागावी लागते. मॅनेजरच्या केबिनमधून बाहेर आल्या आल्या, त्याच दिवशी, मॅनेजर आणि एचआर दोघांना मेल टाका: "आज बोलल्याप्रमाणे माझा शेवटचा कामाचा दिवस १५ जून राहील आणि उरलेल्या १५ दिवसांची नोटीस वसुली होणार नाही. कृपया होकार कळवावा." एचआरचा होकार येईपर्यंत नव्या कंपनीला जॉइनिंगची तारीख पक्की सांगू नका. आणि तो मेल ऑफिसच्या मेलबॉक्समध्येच ठेवून निघू नका. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं. मेलची, सॅलरी स्लिप्सची आणि रजेच्या शिल्लकीच्या स्क्रीनची प्रत आधीच स्वतःकडे काढून घ्या.

काही कंपन्यांनी नोटीस वसुलीवर १८ टक्के जीएसटीही लावला होता. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलंय की या वसुलीवर जीएसटी लागत नाही. कागदावर तशी ओळ दिसली तर त्या परिपत्रकाचा हवाला द्या.

आता ग्रॅच्युइटी. पाच वर्षं सलग झाली असतील तरच ती मिळते (ठरावीक मुदतीच्या करारावरच्या लोकांना नव्या कायद्यात एका वर्षानंतरही). शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. वरच्या उदाहरणातल्या ३०,००० बेसिकवर हे वर्षाला साधारण १७,३०० होतात. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे ६ वर्षं ७ महिने झाले असतील तर ७ वर्षांचे, म्हणजे सुमारे १,२१,००० मिळायला हवेत. आता यासाठीचा पगार एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा कमी धरता येत नाही, त्यामुळे बेसिक १५,००० वर दाबून ठेवलेल्यांनी हा आकडा जरूर तपासावा. आणि नोटीस कमी पडली म्हणून ग्रॅच्युइटी कापता येत नाही. ती रोखायला कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान, हिंसक वर्तन अशी कायद्यात लिहिलेली कारणं लागतात. तिथे कुणी हात घातला तर गप्प बसू नका.

हे सगळं किती दिवसांत मिळायला हवं? एचआर सांगेल ४५ दिवस, काही ठिकाणी ६० आणि वर 'कामाचे' दिवस. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, म्हणून लोकांना तो नियमच वाटतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचंही वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. सोमवार हा शेवटचा दिवस असेल तर बुधवारपर्यंत. यात मॅनेजर आणि सुपरवायझरही येतात, फक्त कामगार नाहीत. ग्रॅच्युइटीला वेगळी मुदत आहे, ३० दिवस. बोनस लागू असेल तर तो आर्थिक वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत देता येतो, त्यामुळे तो नंतर आला तर घाबरू नका, फक्त कागदावर 'नंतर देय' असं लिहून घ्या.

खरं सांगायचं तर दोन दिवसांत पैसे टाकणाऱ्या कंपन्या अजून सगळीकडे दिसणार नाहीत. तरी पहिल्याच मेलमध्ये कलमाचा उल्लेख करा. आवाज न चढवता, एका ओळीत. आधी हिशोबाची प्रत मागा, मग दुरुस्ती, मग पैसे. "सर्व रक्कम मिळाली, काहीही येणं नाही" अशा कागदावर हिशोब बघण्याआधी सही करू नका. सही केल्याशिवाय पैसे सुटणार नसतील तर "नोटीस वसुलीच्या रकमेबाबत हरकत राखून" असं हाताने लिहून सही करा आणि फोटो काढा. एवढं करूनही काही हललं नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज करता येतो. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे दोन-तीन महिने मेलामेलीत गेले म्हणून हक्क बुडत नाही. धीर धरा, पण तारखा लिहून ठेवा.

"निघताना वाद घालू नकोस, इंडस्ट्री छोटी आहे" असं सांगणारे सीनियर प्रत्येक ऑफिसात असतात. मला ते पटत नाही. हिशोबाची प्रत मागणं हा वाद नाही, आणि जी कंपनी तेवढ्यावरून नाराज होते तिचा रेफरन्स तसाही उपयोगाचा नसतो. याच्या उलट टोकाचे सल्लागारही भेटतात: "जाऊ दे ना, गायब हो, काय करतील?" हे अजिबात करू नका. रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, वसुलीची नोटीस घरी येते आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये सगळं उघडं पडतं.

पीएफची साठलेली रक्कम एफ अँड एफमध्ये येत नाही, ती ईपीएफओकडेच असते. कंपनीने तिथे नोकरी सोडल्याची तारीख भरली की नाही, एवढं महिन्याभराने लॉगिन करून बघा. भरली नसेल आणि आधार जोडलेलं असेल, तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर मेंबर पोर्टलवर Manage मध्ये जाऊन Mark Exit मधून तुम्ही स्वतः भरू शकता. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. तारीख मात्र रिलीव्हिंग लेटरवरचीच टाका, कारण दोन कंपन्यांच्या तारखा एकमेकींवर आल्या की पुढे ट्रान्सफर अडकते.