बिनव्याजी मुदतीचा हिशेब करताना या चुका टाळा

क्रेडिट कार्ड घेताना ‘५० दिवसांपर्यंत बिनव्याजी’ हे शब्द सर्वांच्या लक्षात राहतात, पण त्यातील ‘पर्यंत’ हा शब्द मात्र निसटतो. ही मुदत प्रत्येक खरेदीसाठी स्वतंत्रपणे सुरू होत असली, तरी तिचा शेवट एका स्टेटमेंटमधील सर्व खरेद्यांसाठी एकाच देय तारखेला होतो. त्यामुळे स्टेटमेंट निघण्याच्या आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला सर्वांत कमी दिवस मिळतात, तर स्टेटमेंट निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला सर्वाधिक.

एक उदाहरण घेऊ. स्टेटमेंट दर महिन्याच्या १२ तारखेला निघते आणि त्यानंतर २० दिवसांनी देय तारीख येते, असे समजा. ११ जूनला घेतलेली वस्तू १२ जूनच्या स्टेटमेंटमध्ये आली, तर तिचे पैसे २ जुलैपर्यंत, म्हणजे २१ दिवसांत भरावे लागतात. तीच वस्तू १३ जूनला घेतली, तर ती १२ जुलैच्या स्टेटमेंटमध्ये जाते आणि देय तारीख १ ऑगस्ट असल्यामुळे ४९ दिवस मिळतात. मोठी खरेदी दोन दिवस पुढे ढकलून चालणार असेल, तर हा फरक उपयोगी पडतो.

तरीही दिवस मोजण्यातली चूक फारशी महाग पडत नाही. खरी महाग चूक म्हणजे बिलातील थोडी रक्कम मागे ठेवणे, कारण मागील बिलाची कोणतीही बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ग्राहकाला हे स्पष्ट करून सांगावे, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांतही म्हटले आहे.

समजा, एका ग्राहकाने वरच्याच कार्डावर २० मे रोजी ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. १२ जूनचे बिल ३०,००० रुपयांचे आले आणि त्याने २ जुलैला २८,००० रुपये भरले. दरम्यान १५ जूनला त्याने १८,००० रुपयांची शाळेची फी याच कार्डावर भरली होती. त्यानंतर १२ जुलैचे बिल त्याने २० जुलैला पूर्ण भरले. व्याजदर महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरला, तर राहिलेल्या २,००० रुपयांवर २० मेपासून ६१ दिवसांचे सुमारे १४० रुपये व्याज होते. फीच्या १८,००० रुपयांवर मात्र १५ जूनपासून ३५ दिवसांचे सुमारे ७२५ रुपये लागतात, आणि या ८६५ रुपयांवर १८ टक्के जीएसटी वेगळा. किमान देय रकमेपेक्षा अधिक भरणा झालेला असल्याने विलंब शुल्क लागत नाही, त्यामुळे काही बिघडले आहे हे पुढील स्टेटमेंट नीट वाचेपर्यंत कळतही नाही. (ही आकडेमोड केवळ न भरलेल्या रकमेची आणि नव्या खरेदीची आहे, आकारणीची नेमकी रीत आपल्या बँकेच्या अटींतील उदाहरणावरून पाहावी.)

येथेच अनेकांची तक्रार उद्भवते, की सगळे पैसे भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये व्याज का लागले? १२ जुलैच्या बिलात त्या तारखेपर्यंतचेच व्याज असते. १२ ते २० जुलै या दिवसांचे व्याज १२ ऑगस्टच्या बिलात येते. ही बँकेची चूक नव्हे. ती रक्कम लहान म्हणून सोडून दिली, तर पुन्हा बाकी राहते आणि फेरा सुरूच राहतो. म्हणून तीही देय तारखेपूर्वी पूर्ण भरावी.

ऑटोपेची नोंद एकदा उघडून पाहणे इष्ट. तेथे ‘टोटल अमाउंट ड्यू’ऐवजी ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ निवडले गेले असेल, तर दर महिन्याला वेळेवर पैसे जाऊनही बिनव्याजी मुदत कधीच मिळत नाही. एटीएममधून कार्डावर काढलेल्या रोख रकमेला तर ही मुदत मुळातच नसते. व्याज पहिल्या दिवसापासून धरले जाते.

शेवटचा गैरसमज तीन दिवसांचा. देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्यावरच बँकेला विलंब शुल्क लावता येते आणि खाते थकीत म्हणून कळवता येते, असा नियम आहे. पुष्कळ जण त्याचा अर्थ देय तारीख तीन दिवसांनी पुढे गेली, असा घेतात. ही सवलत व्याजाला लागू नाही. २ जुलैची रक्कम ४ जुलैला भरली, तर विलंब शुल्क वाचेल, पण फ्रिजवर २० मेपासूनचे व्याज लागू शकते. धनादेशाने भरणा करणाऱ्यांनी तर रक्कम देय तारखेपर्यंत कार्ड खात्यात जमा होईल, एवढे दिवस आधीच तो द्यावा.