वाळूच्या अवैध धंद्याचा अभ्यास करताय? या चुका टाळा

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पदव्युत्तरचे विद्यार्थी प्रकल्पाचा विषय घेऊन येतात आणि त्यात दोन-तीन जणांचा विषय गोदावरीची वाळू असतोच. विषय उत्तम आहे. गेवराई, अंबड, पैठण, गंगाखेड या पट्ट्यात संघटित गुन्हेगारी समजून घ्यायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही. पण चुकाही दरवर्षी त्याच होतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ‘मुख्य सूत्रधार’ शोधत बसणं. मागे एका हुशार मुलानं चार्ट पेपरवर टोळीची उतरंड काढून आणली होती. वर एक नाव, खाली हायवा म्हणजे मोठ्या टिपरचे मालक, त्याखाली ड्रायव्हर, पोकलेनवाला, आणि दुचाकीवर फिरून महसूलच्या गाडीचं ‘लोकेशन’ देणारी पोरं. सगळं एफआयआरमधून उचललेलं. नेमका तेव्हाच वरचा माणूस एमपीडीएखाली, म्हणजे धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या राज्याच्या कायद्याखाली, स्थानबद्ध झाला. १९८१ च्या या कायद्यात पुढे वाळू तस्करांचाही समावेश झाला आणि त्याखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. मुलानं शेवटचं प्रकरण लिहून टाकलं: टोळी संपली, धंदा थांबला.

मी त्याला परत गावात पाठवलं, पण घाटावर नाही, गवंड्यांकडे. काही दिवस गाड्या बंद होत्या हे खरं. मग वेगळ्या मालकांच्या गाड्या त्याच शेतातल्या रस्त्यानं सुरू झाल्या. मधल्या काळात रस्त्यावर दोन जण पैसे मागायला लागले होते, त्यावरून मारामारीही झाली आणि ब्रासचा, म्हणजे शंभर घनफूट वाळूचा, भाव चढला. पुढे त्यातला एकच उरला आणि भाव पूर्वीच्या जागी आला. एक जुना हायवामालक त्याला म्हणाला, “सर, गाडी कुणाची बी असू द्या, रस्त्याचे पैसे तिथंच द्यावे लागत्यात.” त्या मुलाच्या चार्टवर गाड्या होत्या, माणसं होती, पण ही ‘तिथं’ नावाची जागाच नव्हती.

अर्थतज्ज्ञ पीटर रॉयटर यांनी १९८३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सट्टा, आकड्यांचा जुगार आणि अवैध सावकारीबद्दल नेमकं हेच मांडलं. सगळ्यांना वाटत होतं की हे धंदे माफियाच्या मुठीत आहेत. प्रत्यक्षात ते लहान लहान लोकांच्या हातात विखुरलेले होते. कारणं साधी आहेत. बेकायदा धंद्यात करार मोडला तर कोर्टात जाता येत नाही, माल कधीही जप्त होतो, आणि जितकं मोठं व्हाल तितके नजरेत येता. म्हणून असे धंदे लहान राहतात, आणि लहान असल्यामुळेच एक पडला की दुसरा सहज उभा राहतो. मग टिकाऊ काय असतं? भांडण मिटवणारा आणि संरक्षण विकणारा. समाजशास्त्रज्ञ डिएगो गॅम्बेटा यांनी १९९३ मध्ये सिसिलीच्या माफियाकडे याच नजरेनं पाहिलं: संरक्षण हाच त्यांचा माल. अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी त्याआधीच दाखवलं होतं की अवैध धंदेवाला पोलिसांत तक्रार करू शकत नाही, म्हणून तोच खंडणीचं सोपं सावज ठरतो.

म्हणून माझी सवय अशी: ‘प्रमुख कोण’ हा प्रश्न मी विचारतच नाही. ‘पैसे बुडाले तर कुणाकडे जाता?’ हे विचारतो. उधारीवर वाळू टाकली आणि ठेकेदारानं हात वर केले, किंवा दोन गाड्यांत घाटावरून वाद झाला, तर निवाडा कोण देतो? तीन-चार वेगवेगळ्या लोकांकडून एकच नाव किंवा एकच बैठकीची जागा आली, तर रचना सापडली. तो माणूस गाडीमालक असेलच असं नाही, बहुतेकदा नसतो.

दुसरी मोठी चूक: कारवायांचा आकडा म्हणजे गुन्ह्यांचा आकडा समजणं. तहसीलमधून जप्त वाहनांची यादी मिळते, ती महिनावार मांडली की सुंदर आलेख होतो, आणि घाई असलेला विद्यार्थी तिथेच थांबतो. मार्चकडे आलेख चढलेला दिसतो. पण गौण खनिजाच्या वसुलीचं उद्दिष्ट मार्चअखेर पूर्ण करायचं असतं, म्हणून पथकं तेव्हा जास्त बाहेर पडतात. तुमचा आलेख कर्मचाऱ्यांची धावपळ मोजतोय.

त्यातूनच ‘दंड वाढवा, धंदा थांबेल’ हा निष्कर्ष निघतो. तो आधी कागदावर तपासा. आकडे उदाहरणापुरते घेऊ. हायवात पाच ब्रास, पोहोच भाव सहा हजार, म्हणजे खेपेला तीस हजार. डिझेल, ड्रायव्हर, भरणी, शेतातून रस्ता देणारा, लोकेशनची पोरं, वरचे पैसे मिळून सतरा हजार धरा. उरले तेरा हजार. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, म्हणजे दीड लाख. गाडी सोडवण्याचा खर्च आणि उभ्या गाडीचे बुडालेले दिवस धरून अडीच लाख समजा. वीसेक खेपांत ते निघतात. शंभर खेपांत एकदाच गाडी सापडत असेल, तर खेपेमागे अडीच हजारांचा कर बसला, एवढंच. त्यात हायवा फायनान्सवर घेतलेली असते. जप्ती सुटल्यावर तो मालक आधीपेक्षा जास्त खेपा मारतो, कारण थकलेले हप्ते भरायचे असतात. इथे दंडाच्या रकमेपेक्षा सापडण्याची शक्यता जास्त महत्त्वाची आहे आणि ती लोकेशनच्या पोरांनी खाली ठेवलेली असते.

कारवाई खरंच बोचली का, हे पाहायला मी भाव बघतो. गवंडी, घरकुलाचा लाभार्थी, लहान ठेकेदार, यांच्याकडून दर पंधरवड्याला पोहोच भाव लिहून घ्यायचा. छाप्यानंतर भाव चढून महिनाभर तसाच राहिला तर पुरवठा आटला. आठवड्यात खाली आला तर दुसऱ्यानं जागा घेतली. पावसाळ्यात मात्र नदीलाच पाणी असतं आणि उपशाला बंदी असते, तेव्हाचा चढ कारवाईच्या खात्यात टाकू नका. हे काम कंटाळवाणं आहे आणि एका सुट्टीत होत नाही. रात्री घाटावर जाऊन मोबाईलवर चित्रण आणणाऱ्यांना वाटतं आपण मोठी मजल मारली. त्यातून एक गाडी दिसते, बाजार दिसत नाही, आणि जीव धोक्यात जातो. तलाठ्यांवरही हल्ले झालेले आहेत. तुमच्या मागे तर कुणीच नसतं.

एकाच जिल्ह्याच्या कागदांवर विसंबू नका. शहागडच्या परिसरात गोदावरी हीच बीड आणि जालन्याची हद्द आहे. एका काठावर पथक आलं की काम दुसऱ्या काठावर सरकतं आणि बीडच्या फाइलमध्ये ते ‘घट’ म्हणून दिसतं.

बेरोजगारी हे कारण लिहून मोकळे होऊ नका. त्यानं पोरं का मिळतात ते कळतं, गिऱ्हाईक का मिळतं ते नाही.

मुंबईच्या टोळ्यांचा साचा इथे लावू नका.

कायदेशीर वाळूचा हिशेब सोडू नका, तो तर अजिबात नाही. २०२३ मध्ये राज्यानं सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासनं वाळू देण्याचं धोरण आणलं आणि २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळलं. कागदावरचा सहाशेचा भाव आणि गवंड्यानं सांगितलेला भाव शेजारी मांडा. त्यानंतर विचारा: डेपोतली वाळू वेळेवर आणि पुरेशी मिळत होती का, वाहतूक धरून किती पडत होती, आणि पावती असलेल्या गाडीनं त्याच पावतीवर किती खेपा मारल्या. या शेवटच्या प्रश्नासाठी पावतीवरची वेळ आणि घाटापासून गावापर्यंतचं अंतर जुळवून बघा. दोन तासांच्या रस्त्याला दिवसभराची मुदत दिसली, तर तिथून पुढे खोदायला सुरुवात करा.