‘ने’ आणि ‘ला’ पाहून क्रियापद ओळखताय? या चुका टाळा

सांगलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बरीच मुलं एक सोपं समीकरण पाठ करून येतात. ‘ने’ दिसला की क्रियापद सकर्मक, ‘ला’ दिसला की ते कर्म, दोन ‘ला’ दिसले की द्विकर्मक. ‘रामाने रावणाला मारले’ एवढ्यापुरतं ते चालतं. शेतातलं नाहीतर घरातलं वाक्य आलं की मार्क गेलेच.

आधी ‘ने’ बघू. ‘पोरांनी ऊस मोडला’ आणि ‘वाऱ्याने ऊस मोडला’, दोन्ही वाक्यांचा सांगाडा एकच दिसतो. खरा फरक भूतकाळात लपतो, म्हणून वाक्य वर्तमानकाळात नेऊन बघा. ‘पोरं ऊस मोडतात.’ इथं ‘नी’ गळून पडला आणि क्रियापद पोरांच्या वचनाने चालायला लागलं. म्हणजे पोरं कर्ता, ऊस कर्म आणि क्रियापद सकर्मक. आता दुसरं: ‘वाऱ्याने ऊस मोडतो.’ ‘ने’ जागच्या जागी आहे आणि क्रियापद उसाशी जुळलंय. मोडणारा कोण, तर ऊस. वारा नुसतं कारण. क्रियापद अकर्मक. ‘पोरांनी ऊस मोडतो’ असं मात्र कुणी म्हणणार नाही.

यावर वर्गात हमखास एक जण हात वर करतो, ‘सर, वारा ऊस मोडतो असंही म्हणतात की!’ म्हणतात, आणि तसं घेतलं तर क्रियापद सकर्मक होतं. ‘वाऱ्याने ऊस मोडला’ हे वाक्य दोन्हीकडून वाचता येतं, कारण ‘मोडणे’ उभयविध आहे. ‘उघडणे’, ‘कापणे’ हीही त्यातलीच. ‘नारळ फुटतो’ आणि ‘पोरं नारळ फोडतात’ इथं रूपंच वेगळी, त्यामुळे घोळ होत नाही.

उलटी चूकही तितकीच होते. ‘ने’ नाही म्हणून ‘ती धडा विसरली’, ‘तो गणित शिकला’ ही वाक्यं अकर्मक ठरवली जातात. काय विसरली? धडा. काय शिकला? गणित. कर्म समोर बसलेलं आहे. ही क्रियापदं भूतकाळातही कर्त्याला ‘ने’ लावू देत नाहीत, एवढंच. आणि ‘त्याने घरी जावे’ यात ‘ने’ असून कर्माचा पत्ता नाही.

आता ‘ला’. हे वाक्य घ्या: ‘मामांनी आजीला दहाला सांगलीला पाठवलं.’ तीन ‘ला’! कुणाला पाठवलं, आजीला. ‘दहाला’ हे ‘कधी’चं उत्तर, ‘सांगलीला’ हे ‘कुठं’चं. कर्म एकच, तेव्हा क्रियापद सकर्मक. आता साताऱ्याच्या मामांचं वाक्य: ‘मामांनी आजीला कंदी पेढे पाठवले.’ ‘ला’ एकच, पण कर्मं दोन. क्रियापद तेच आणि ‘आजीला’ हे रूपही तेच, तरी आजीचं काम बदललं. पहिल्या वाक्यात एसटीत आजी बसली, म्हणून ती प्रत्यक्ष कर्म. दुसऱ्यात एसटीने पेढे आले आणि आजी घरीच राहिली. पेढे प्रत्यक्ष कर्म, आजी अप्रत्यक्ष, क्रियापद द्विकर्मक. म्हणून क्रियापदांची यादी पाठ करून भागत नाही, वाक्यात कोण हललं ते बघावं लागतं.

‘मला पेढे आवडतात’ यात तर बहुतेक जण ‘मला’ला कर्म करून मोकळे होतात. धातूला ‘णारा’ लावून विचारा: आवडणारे काय? पेढे. क्रियापदही पेढ्यांशीच जुळतं. पेढे कर्ता, क्रियापद अकर्मक. ‘मला थंडी वाजते’, ‘त्याला भूक लागली’ ही वाक्यंही याच घरातली. भाषाशास्त्राचे अभ्यासक ‘मला’मध्येही कर्त्याचे काही गुण दाखवतात आणि त्यात तथ्य आहे. पण शालेय व्याकरणाचा प्रश्न शालेय व्याकरणानेच सोडवावा.

शेवटचा घोळ प्रयोजक क्रियापदांचा. ‘शिजवणे’, ‘पाजणे’ असं काही दिसलं की लगेच द्विकर्मक लिहू नका. आधी मूळ क्रियापदाची कर्मं मोजा, मग एक वाढवा. ‘हळद शिजते’ यात कर्म शून्य, म्हणून ‘काकू हळद शिजवतात’ यात एक. ‘बाळ दूध पितं’ यात एक, म्हणून ‘आई बाळाला दूध पाजते’ यात दोन. हा हिशोब एका ठिकाणी अडतो. ‘मालकाने गड्याकडून ऊस तोडवला.’ ‘गडी ऊस तोडतो’ यात कर्म एक आहे, तेव्हा इथं दोन हवीत. पण गड्याला ‘ला’ न लागता ‘कडून’ लागलंय. ज्याच्या हातून काम करवून घेतलं तो कर्म होत नाही, म्हणून कर्म ऊस एकटाच आणि ‘तोडवला’ नुसतं सकर्मक.