या चुका टाळा: 480 विद्यार्थी मोजले म्हणून सॅम्पल 480 चं होत नाही

थिसिसच्या ड्राफ्टमधे ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की आता आधी टेबलच उघडते, बाकीचं नंतर वाचते. साधारण असं असतं: 12 वर्ग घेतले, चिठ्ठ्या टाकून 6 वर्गांना नवीन पद्धतीने शिकवलं, 6 ना जुन्या. प्रत्येक वर्गात 40 मुलं, म्हणजे 480 मार्क जमा झाले. मग सरळ टी-टेस्ट, पी व्हॅल्यू 0.001 च्या खाली, आणि पद्धत प्रभावी असल्याचा निष्कर्ष.

इथे माहिती गोळा केली मुलांकडून, म्हणून निरीक्षणाचं एकक विद्यार्थी, हे बरोबर. पण पद्धत काय मुलाला दिली होती का? ती दिली वर्गाला, चिठ्ठी वर्गाच्या नावाची निघाली. प्रश्नही असाय की नवीन पद्धतीच्या वर्गांचा निकाल वेगळा लागतो का, म्हणजे विश्लेषणाचं एकक वर्ग. एका वर्गातली 40 मुलं तोच शिक्षक, तीच वेळ, तोच गोंधळ वाटून घेतात, त्यामुळे त्यांचे मार्क एकमेकांकडे थोडे झुकलेले असतात, आणि टी-टेस्ट मात्र धरून चालते की 480 जण एकमेकांपासून पूर्ण सुटे आहेत.

आकडे घालून बघू (सोयीसाठी मी धरलेले आहेत). दोन गटांच्या सरासरीत फरक 4 मार्कांचा, मुलांच्या मार्कांचं प्रमाण विचलन 12. 480 सुटी मुलं धरली तर स्टँडर्ड एरर येते 1.1 च्या आसपास आणि टी 3.65, एकदम जोरदार. आता समजा मार्कांतल्या एकूण फरकापैकी 20 टक्के फरक वर्गावर्गांतला आहे, यालाच आयसीसी 0.2 म्हणतात. मग डिझाइन इफेक्ट, म्हणजे 480 ला कितीने भागायचं तो आकडा:

```
1 + (40 - 1) * 0.2 = 8.8
480 / 8.8 = 54.5
```

म्हणजे 480 मुलांनी दिलेली माहिती जेमतेम 55 सुट्या मुलांएवढी. स्टँडर्ड एरर 8.8 च्या वर्गमूळाने, म्हणजे जवळपास तिपटीने वाढून 3.25 होते, टी उरतो 1.23 आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम 478 नाही तर 10, कारण वर्गच 12 आहेत. 10 ला 5 टक्क्यांच्या पातळीवर टी किमान 2.23 लागतो. गेला निकाल.

यावर हमखास येणारं उत्तर, मग अजून मुलं घेतो! नाही चालत. वर्गात 40 ऐवजी 80 मुलं मोजली तरी 55 चे फक्त 57 होतात. 0.2 आयसीसी असेल तर एक वर्ग जास्तीत जास्त 5 सुट्या मुलांएवढीच माहिती देऊ शकतो, तुम्ही कितीही पेपर तपासा. वर्ग 12 चे 24 केले तर मात्र थेट 109. मेहनत कुठे घालायची ते डेटा गोळा करायच्या आधी ठरतं, नंतर नाही.

पकडायचं कसं? आऊटपुटमधली डिग्रीज ऑफ फ्रीडम बघा, ती वर्गांच्या संख्येपेक्षा खूप मोठी असेल तर घोळ आहे. दुसरं म्हणजे डेटा शीटमधे शिक्षकाचा अनुभव वगैरे कॉलम 40 ओळींत तोच आकडा दाखवत असेल, तर ती 40 निरीक्षणं नाहीत, एकच आहे, 40 वेळा कॉपी केलेलं.

दुरुस्ती सोपीय. सगळ्या वर्गांत मुलं सारखीच असतील तर 12 सरासऱ्या काढा आणि त्या 12 वर टी-टेस्ट लावा, लाज वाटायचं कारण नाही. मुलाचे आधीचे मार्कही धरायचे असतील तर आर मधे मल्टिलेव्हल मॉडेल, आणि lmerTest लोड करा, कारण नुसतं lme4 डिग्रीज ऑफ फ्रीडम दाखवतच नाही:

```
library(lmerTest)
summary(lmer(marks ~ method + pretest + (1 | class), data = d))
```

पण मॉडेल जादू नाही करत. नवीन पद्धतीचे सहाही वर्ग एकाच शाळेत आणि जुन्याचे सहाही दुसऱ्या शाळेत असतील, तर पद्धतीचा फरक कुठला आणि शाळेचा कुठला हे कोणतंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, शाळेच्या पातळीवर तुमच्याकडे एकास एक आहे फक्त.

आणि सरासऱ्या काढल्यावर लोक उलट्या बाजूने घसरतात. जास्त लायब्ररी वापरणाऱ्या शाळांची सरासरी जास्त दिसली की लगेच लिहितात, लायब्ररी वापरणाऱ्या मुलाला जास्त मार्क मिळतात. शाळांमधलं नातं मुलांमधे तसंच असेल असं नाही, उलटंही निघू शकतं. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनने 1950 मधे अमेरिकेच्या जनगणनेवरून हेच दाखवलं होतं, परदेशात जन्मलेले लोक आणि निरक्षरता यांचं नातं राज्यांच्या पातळीवर उणे 0.53 आणि माणसामाणसांत अधिक 0.12, कारण स्थलांतरित लोक मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. त्यामुळे शाळांच्या सरासऱ्यांवर काम केलं असेल तर निष्कर्षाच्या वाक्यात कर्ता शाळाच ठेवा, आणि मुलाबद्दल काही म्हणायचं असेल तर एकेका मुलाचा लायब्ररी वापर आणि त्याचेच मार्क असा डेटा आणा.