भावफलकाचा स्क्रीनशॉट हातात आला की: कांदा कुठे आणि कोणत्या वारी न्यायचा, यासाठीची तयारी

संध्याकाळी सातच्या सुमारास काकांचा मेसेज येतो. सोबत बाजारभावाच्या फलकाचा स्क्रीनशॉट असतो आणि खाली एकच ओळ: "कुठं नेऊ आणि कधी?" घरात मोबाइल जरा बरा चालवणाऱ्या अनेकांकडे आता हे काम आलंय. चाळीत साठवलेल्या उन्हाळी कांद्यासाठी ते कसं करायचं, त्याआधी काय हाताशी हवं, ते इथे लिहितो. उदाहरण येवला तालुक्यातल्या एका ट्रॉलीचं घेतलंय, माल २५ क्विंटल. भाव, आवक, भाडं हे सगळे आकडे गणित दाखवण्यासाठी धरलेले आहेत, आजचे भाव म्हणून ते वापरू नका.

पहिली तयारी म्हणजे पूर्ण चित्र. बहुतेक वेळा भावाचा रकाना तेवढा कापून पुढे पाठवलेला असतो आणि वरची तारीख गेलेली असते. एखाद्या बाजारात काल लिलावच झाला नसेल तर काही अ‍ॅप तिथे शेवटचा मिळालेला भाव तसाच दाखवतात. मग येवल्याचा भाव आजचा आणि पुण्याचा चार दिवसांपूर्वीचा, असे दोन्ही एकाच फलकावर शेजारी दिसतात. म्हणून प्रत्येक ओळीची तारीख दिसेल असा फोटो पुन्हा मागवा. तारीख मिळत नसेल तर ती ओळ तुलनेतून काढून टाका. दिवसात दोन सत्रांत लिलाव होतो अशा ठिकाणी भाव सकाळचा की दुपारनंतरचा, तेही विचारून घ्या.

मग फोटो मोठा करून आकडे कागदावर उतरवा. दोनतीनदा फॉरवर्ड होऊन आलेल्या पुसट फोटोत देवनागरी १ आणि ९ सारखेच दिसतात. एकदा मी १,१५० चा भाव १,९५० वाचला आणि काकांना लांबच्या बाजारात जायला सांगायच्या बेतात होतो. कमाल भाव १,४०० लिहिलेला होता, म्हणून चूक सापडली. सर्वसाधारण दर कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्या मधेच असायला हवा. तसा नसेल तर एकतर तुम्ही चुकीचं वाचलंय किंवा फलकावरच चूक आहे. परिमाणाचा रकानाही सोडू नका. पुण्याचे कांद्याचे भाव बऱ्याचदा दहा किलोला सांगितले जातात. तिथला "१६०" म्हणजे क्विंटलला १,६००.

आता आपल्या तीन ओळी. येवला, उन्हाळी, सर्वसाधारण १,२५०. लासलगाव, उन्हाळी, कमीत कमी ६००, जास्तीत जास्त १,७९०, सर्वसाधारण १,४००. पुणे, लोकल, सर्वसाधारण १,६००. काकांची नजर १,७९० वर गेलेली असते आणि ते साहजिक आहे. पण सगळ्यात वरचा भाव एखाददुसऱ्या निवडक ट्रॉलीला मिळालेला असू शकतो आणि सगळ्यात खालचा गोल्टी-चिंगळीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, किंवा भिजलेल्या मालाचा असतो. सर्वसाधारण दर म्हणजे या दोन टोकांची सरासरीही नाही. ६०० आणि १,७९० ची सरासरी १,१९५ येते, फलकावर मात्र १,४०० आहे, कारण जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो भाव तिथे लिहिलेला असतो. तुलना याच रकान्याची करायची.

तरीही तो तुमचा भाव नाही. तुमचा माल फलकाच्या किती वर किंवा खाली जातो हे शोधायला मागची पट्टी, म्हणजे मागच्या विक्रीच्या हिशेबाची पावती, लागते. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं आणि नेमकं हेच कोणी करत नाही. पट्टी काढा, तिच्यावरची तारीख बघा आणि त्या दिवशीचा त्याच बाजाराचा सर्वसाधारण दर शोधा. काकांच्या मागच्या ट्रॉलीला लासलगावात १,२१५ मिळाले होते आणि त्या दिवशी फलकावर १,३०० होते. म्हणजे त्यांचा माल ८५ रुपये खाली गेला. दोनतीन पट्ट्यांत असाच फरक दिसला तर तो धरून चाला. आज १,४०० असेल तर मनात १,३१५ ठेवा. फरक फार मोठा असेल तर बाजार बदलण्याआधी ट्रॉलीत बघा. खाली गोल्टी मिसळलेली असली की व्यापारी पूर्ण ट्रॉलीचा भाव पाडून बोली लावतो. गोल्टी वेगळी काढून विकली की मोठ्या मालाला त्याचा स्वतःचा भाव मिळतो.

पुढची तयारी खर्चाची, आणि तो क्विंटलवर आणून ठेवायचा. येवल्याला ट्रॅक्टरचं भाडं हजार रुपये, म्हणजे २५ क्विंटलला क्विंटलमागे ४०. लासलगावला १,८०० भाडं, म्हणजे ७२, वर किरकोळ हमाली-तोलाई ८ धरू. हे दोन्ही बाजार मोकळ्या कांद्याचे, ट्रॉली भरली की निघालो. पुण्याला गोणी लागते. पन्नास किलोची धरली तर क्विंटलला दोन गोण्या, बारदान आणि भराई मिळून ९०, गाडीभाडं १३०, तिथली हमाली-तोलाई ३५. वाटेत वजनात एक टक्का तूट धरली तर आणखी १६. आता हातात काय उरतं ते बघा. येवला १,२१०, लासलगाव १,३२०, पुणे १,३२९. फलकावर लासलगाव आणि पुण्यात दोनशे रुपयांचं अंतर होतं, घरी येईपर्यंत नऊ रुपयांचं राहिलं. पूर्ण ट्रॉलीवर सव्वादोनशे रुपये. त्यासाठी एक दिवस आणि एक रात्र जाणार, शिवाय तिथली ओळ "लोकल" जातीची आहे, आपल्या उन्हाळी मालाशी ती जुळेलच असं नाही. आणि लासलगावातला आपला ८५ चा फरक माहीत आहे, पुण्यातला माहीत नाही. मी लासलगावच सांगेन. पुण्याचा विचार हातात शंभरेक रुपये जास्त उरत असतील तेव्हाच करावा.

पट्टीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. कांद्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, असा निर्णय महाराष्ट्रात २०१६ मध्ये झाला. जुन्या पट्टीत वेगळ्या नावाने काही कपात दिसली तर ती खर्चात गुपचूप धरून पुढे जाऊ नका, बाजार समितीत विचारा.

आता वार. एका स्क्रीनशॉटवरून वार सांगता येत नाही, हे काकांना स्पष्ट सांगायला हवं. निदान तीन-चार आठवड्यांचे रोजचे भाव आणि आवक हवी. रोज एक स्क्रीनशॉट साठवायची सवय लागली की हे आपोआप जमतं. वहीत वाराप्रमाणे आवक आणि सर्वसाधारण दर लिहा. समजा लासलगावात सोमवारी आवक १४,००० क्विंटल आणि भाव १,३४०, मंगळवारी ११,५०० आणि १,३६०, बुधवारी १०,००० आणि १,३९०, गुरुवारी ९,५०० आणि १,४००, शुक्रवारी ९,८०० आणि १,३९५, शनिवारी ७,००० आणि १,३८०. रविवारी लिलाव बंद, म्हणून दोन दिवसांचा माल सोमवारी एकदम येतो आणि भाव दबतो. शनिवारी आवक कमी असूनही भाव चढला नाही, कारण त्या दिवशी खरेदीदारही कमी होते. म्हणजे आवक कमी एवढ्यावर दिवस ठरवू नका, सोबत बोली लावायला माणसं किती आहेत ते बघा. तीनही आठवड्यांत सोमवार त्या आठवड्याच्या मधल्या भावाखाली आणि गुरुवार वर असेल तरच त्याला वाराचा परिणाम म्हणा. एकदाच तसं झालं असेल तर तो योगायोग समजा.

यात सुट्ट्या मिसळल्या की सगळं सरकतं. काही बाजार समित्या अमावास्येला लिलाव ठेवत नाहीत, काहींनी ती प्रथा सोडली आहे. मार्चअखेरीला हिशेबासाठी लिलाव बंद राहतात. बंदनंतरचा पहिला दिवस सोमवारसारखाच वागतो, मग वार कोणताही असो. आणि सरकारी निर्णयापुढे वहीतली कोणतीही मांडणी टिकत नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा आदल्या आठवड्याचे भाव तुलनेला निरुपयोगी झाले. असा निर्णय आला की जुने स्क्रीनशॉट बाजूला ठेवा आणि नवे तीन-चार दिवस जाऊ द्या.

थांबायचं असेल तर थांबण्याची किंमतही मोजलेली हवी. चाळीतला कांदा रोज थोडा हलका होतो, पावसाळी दमट हवेत सडही वाढते. दोन-तीन क्रेट वजन करून चाळीतच ठेवा आणि दर आठवड्याला सडका कांदा काढून पुन्हा तोला. आठवड्याला दोन टक्के घट निघाली तर आजचे १,४०० पुढच्या आठवड्यात १,४२९ झाल्यावर कुठे बरोबरी होते. सोमवार ते गुरुवार थांबण्यात घट एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे १४ रुपये, आणि वाराचा फायदा ६० रुपये. तिथे थांबणं परवडतं. पण चाळीच्या मधल्या थरात हात घातल्यावर ऊब लागली, बोटांना ओल आली आणि आंबूस वास आला तर वाराचं गणित मिटलं. तो भाग उद्याच निवडून बाहेर काढा आणि जवळच्या बाजारात न्या.

हे सगळं झाल्यावर काकांना पाठवायचा मेसेज छोटा ठेवा, पण त्यात अट हवी. मी असा लिहिला असता: "काका, लासलगावला न्या, गुरुवारी. आपल्या मालाला १,३०० च्या आसपास मिळतील असं धरा. बुधवारी फलकावर १,३५० च्या खाली गेलं तर अर्धीच ट्रॉली भरा, बाकीचं पुढच्या आठवड्यात बघू. गोल्टी वेगळी काढून ठेवा."

बुधवारी रात्री एक फोन करायचा आहे, उद्या लिलाव नक्की आहे ना आणि पावसाचं काय, एवढं विचारायला. ताडपत्री ट्रॉलीत आधीच टाकून ठेवा. आणि गुरुवारी पट्टी हातात आली की तिचा फोटो त्याच दिवसाच्या फलकाच्या स्क्रीनशॉटशेजारी साठवा. ८५ चा तो फरक आता ७० झाला की १००, हे पुढच्या ट्रॉलीच्या वेळी लागेल.